निबंधावर ‘एआयने लिहिला’ असा ठपका आला, तर अपिलाचा अर्ज कसा लिहावा

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी गेल्या सत्रात माझ्याकडे रडत आली होती. १९७२च्या दुष्काळावरचा आणि रोजगार हमी योजनेवरचा तिचा इंग्रजी निबंध तपासणीच्या सॉफ्टवेअरने ६८ टक्के यंत्रलिखित ठरवला होता. तिने रात्रीत लिहिलेला अर्ज ‘मी देवाशपथ सांगते’ इथून सुरू होत होता. तो आम्ही बाजूला ठेवला. समितीला शपथ तपासता येत नाही, निबंध कसा घडला ते तपासता येतं.

म्हणून पहिलं काम पुराव्याचं. मूळ फाइलमध्ये काहीही बदलू नका. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल, तर File > Version history > See version history इथे तारीखवार मसुदे दिसतात. नवी प्रत काढली की तिच्यात हा इतिहास येत नाही, त्यामुळे मूळ फाइलच दाखवा. वर्डची फाइल नुसती लॅपटॉपवर असेल, तर असा इतिहास बहुधा मिळत नाही. मग वहीतली टिपणं, ग्रंथालयाच्या नोंदी, मैत्रिणीला पाठवलेला कच्चा मसुदा, जे असेल ते गोळा करा.

हिच्याकडे नऊ दिवसांचे मसुदे निघाले. अर्जाचा गाभा असा झाला:

‘माननीय विभागप्रमुख, माझ्या निबंधाबाबतच्या निर्णयाचा फेरविचार व्हावा, ही विनंती. निबंध मी ३ ते ११ सप्टेंबरदरम्यान लिहिला. ५ तारखेच्या मसुद्यात दुष्काळाची कारणं शेवटी होती, ८ तारखेला ती मी सुरुवातीला आणली (जोडपत्र १). मजुरीच्या दरांची टिपणं माझ्या वहीत आहेत (जोडपत्र २). स्पेलिंग आणि व्याकरण तपासायला मी ग्रामरली वापरलं, वाक्यं त्याच्याकडून लिहून घेतली नाहीत. निबंधावर तोंडी प्रश्नांना उत्तरं द्यायला मी तयार आहे.’

ग्रामरलीचं वाक्य ती गाळणार होती. मी ठेवायला लावलं, कारण ते पुढे दुसऱ्याकडून कळलं असतं, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही संशय आला असता.

सॉफ्टवेअरच्या मर्यादेवर एकच परिच्छेद पुरे. २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध सात शोधक साधनांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध चुकीने यंत्राचे ठरले. मर्यादित शब्दसंग्रह आणि सरळ वाक्यरचना या साधनांना संशयास्पद वाटते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं इंग्रजी बरेचदा तसंच असतं. मात्र दुसऱ्या शोधक साधनाचा कमी आकडा जोडू नका. त्याने तुम्हीच यंत्राचा कौल मान्य करता.

उचलेगिरीचा अहवाल वेगळा असतो. तो इतर मजकुराशी असलेलं साम्य मोजतो. ठपका नेमका कोणत्या अहवालावरून आला, ते आधी लेखी विचारा.

अर्ज एका पानात बसवा, मुदतीआधी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी परीक्षेआधी आपलाच निबंध पुन्हा वाचा. हिला पहिला प्रश्न ‘हा संदर्भ कुठे सापडला?’ असा आला, आणि तिने वही उघडून पान दाखवलं.