इंग्लंडमध्ये पगाराचे खाते बदलताना: पेरोलला लिहायचे पत्र

इंग्लंडमध्ये येणारा आपला माणूस पहिल्या आठवड्यात मिळेल त्या बँकेत खाते उघडतो आणि सहा-आठ महिन्यांनी दुसरी बँक बरी वाटली की तिकडे वळतो. त्यात काही गैर नाही. मात्र पगार नव्या खात्यात जमा व्हावा म्हणून पेरोल विभागाला लिहायचे पत्र बहुतेक जण दोन ओळींत उरकतात आणि त्याच आठवड्यात जुने खाते बंद करून मोकळे होतात. मीही तेच केले होते.

माझा पगार दर महिन्याच्या 28 तारखेला होत असे. मी 20 तारखेला पत्र पाठवले, 22 तारखेला जुने खाते बंद केले आणि निर्धास्त राहिलो. पगार जुन्याच खात्याच्या क्रमांकावर गेला, खाते बंद असल्यामुळे तो कंपनीकडे परत फिरला आणि पुन्हा माझ्या हाती पडेपर्यंत नऊ दिवस लोटले. दरम्यान 1 तारखेची भाड्याची स्टँडिंग ऑर्डर पैशांअभावी गेलीच नाही, आणि घरमालकाकडे माझी पहिली नोंद थकबाकीदाराची झाली.

असे का होते, हे समजून घ्या. इथले बहुतेक पगार बॅक्स या यंत्रणेतून जातात आणि तिला कामाचे तीन दिवस लागतात. समजा पगार शुक्रवारी, 28 नोव्हेंबर 2025 रोजी जमा व्हायचा आहे. त्याची फाइल बुधवारी 26 तारखेपर्यंत गेलेली असावी लागते, गुरुवारी तिच्यावर प्रक्रिया होते आणि शुक्रवारी सकाळी पैसे खात्यात दिसतात. पेरोलचे लोक त्याआधी हिशेब पक्के करत असल्यामुळे बदल स्वीकारण्याची त्यांची शेवटची तारीख पुष्कळदा महिन्याच्या मध्यावरच असते. ती प्रत्येक कंपनीत वेगळी असते, म्हणून पत्र लिहिण्याआधी ती विचारून घ्या. ती 14 असेल आणि तुमचे पत्र 17 ला पोचले, तर नोव्हेंबरचा पगार जुन्याच खात्यात येणार, असे धरून चाला.

पत्रात तुमचे पूर्ण नाव, कर्मचारी क्रमांक, नव्या खात्यावर छापलेले नाव, सहा अंकी सॉर्ट कोड, आठ अंकी खाते क्रमांक आणि कोणत्या महिन्याच्या पगारापासून बदल हवा, एवढे असावे. जुन्या खात्याचे शेवटचे चार अंकही द्या, म्हणजे कोणते खाते काढायचे याविषयी संशय राहत नाही. मजकूर साधारण असा असावा: "माझा पगार डिसेंबर 2025 पासून खालील खात्यात जमा करावा, ही विनंती. बदलाची नोंद झाल्यावर आणि तो कोणत्या पगारापासून लागू होईल हे ठरल्यावर कृपया लेखी कळवावे. तोपर्यंत माझे जुने खाते चालू राहील." यातले शेवटचे वाक्य मुळीच गाळू नका.

अंक टंकलेखन करून लिहा आणि बँकेच्या अ‍ॅपवरून एकेक ताडून पाहा. खाते क्रमांक 01234567 असा शून्यापासून सुरू होत असेल, तर एक्सेलच्या तक्त्यात तो शून्य गळून सातच अंक उरतात. म्हणून "क्रमांक आठ अंकी असून पहिला अंक शून्य आहे" असे शब्दांत लिहा. बॅक्समधून पैसे सॉर्ट कोड आणि खाते क्रमांक यांच्या आधारे जातात, नाव जुळते का हे तिथे पाहिले जात नाही. चुकीचा क्रमांक दुसऱ्या कुणाचा निघाला, तर ते पैसे परत मिळवणे फार कष्टाचे ठरते.

पत्र नेहमी ऑफिसच्या ईमेलवरून किंवा कंपनीच्या पोर्टलवरून पाठवा. कर्मचाऱ्याच्या नावाने खोटा ईमेल पाठवून पगार वळवण्याचे प्रकार घडतात, त्यामुळे वैयक्तिक ईमेलवरून आलेली अशी विनंती पेरोलने अडवली तर राग मानू नये. खातरजमेसाठी ते तुम्हाला फोन करतील, तो उचला. पिन किंवा पासवर्ड मात्र पेरोलला कधीच लागत नाही.

आपल्या लोकांतली एक सवय मला अजिबात पटत नाही: खाते उघडेपर्यंत पगार मित्राच्या खात्यात घेणे. मित्र कितीही विश्वासू असला तरी पुढे घरमालकाने किंवा कर्ज देणाऱ्या बँकेने तीन महिन्यांची विवरणे मागितली, की तुमच्या नावावर पगाराची नोंदच नसते.

जुने खाते बंदच करायचे असेल, तर ते स्वतः बंद न करता नव्या बँकेकडे करंट अकाउंट स्विच सर्व्हिस मागा. कामाच्या सात दिवसांत डायरेक्ट डेबिट आणि स्टँडिंग ऑर्डर नव्या खात्यात जातात, आणि जुन्या क्रमांकावर आलेला पगारही पुढे किमान तीन वर्षे आपोआप वळवला जातो. ही सोय पूर्ण बदलासाठीच असते. जुने खाते ठेवून अर्धवट बदल केला, तर पैसे वळत नाहीत. आणि सेवा घेतली तरी पेरोलला पत्र द्याच, कारण पगाराची नोंद योग्य खात्यावर असायला हवी.

नव्या खात्यात पहिला पगार दिसला, त्याची रक्कम पगारपत्रकातील निव्वळ रकमेशी जुळली आणि त्यानंतरचे भाडे त्याच खात्यातून गेले, की मग जुन्या खात्याचा विचार करा.