कंपनीच्या पैशाने एमबीए? करारावर सही करण्याआधी या चुका टाळा

ऑफिसमध्ये कुणाला कंपनीकडून वीकेंड एमबीएची ऑफर आली की त्याचा करार फिरत फिरत माझ्या टेबलावर येतो. मी वकील नाही. पण असे बरेच करार वाचलेत आणि एकदा त्यातल्या एकाच वाक्यामुळे जवळच्या माणसाचे पाच लाख जाताना पाहिलेत. येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो, "वाचलंय मी सगळं, फक्त एकदा नजर टाका. उद्या सही द्यायचीय." करार चौदा पानी असतो आणि वाचलेली असते ती एचआरची दहा ओळींची मेल.

पहिली चूक हीच. मेलमध्ये लिहिलेलं असतं, 'पूर्ण फी कंपनी भरेल, दोन वर्षांचा बाँड.' बहुतेक करारांच्या शेवटी मात्र एक वाक्य असतं: याआधीचं सगळं बोलणं आणि पत्रव्यवहार रद्द, हाच काय तो करार. म्हणजे मेलमधल्या सवलतीला उद्या कुणी विचारणार नाही. एचआरने फोनवर काही कबूल केलं असेल, तर ते करारात लिहून घ्या.

दुसरी चूक पीडीएफमध्ये `bond` शोधण्याची. सापडला नाही म्हणून खूश होऊन आलेले दोघे मला भेटलेत. हल्लीच्या करारांत तो शब्द फारसा नसतोच. `commitment`, `retention`, `lock-in`, `clawback`, `recover`, `reimburse`, `set-off` एवढे तरी शोधा. खरं तर शोधूच नका. प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन व्याख्यांपासून वाचा. चौदा पानांना तास लागतो. दोन वर्षं शनिवार-रविवार वर्गात बसायची तयारी असलेल्या माणसाला हा एक तास जड का जातो, ते मला अजून कळलेलं नाही.

आता ज्या चुकीसाठी हे लिहायला बसलो, ती: बाँड कधी सुरू होतो, हे न पाहणं.

आमच्या टीममधल्या एका मुलाने 2021 च्या एप्रिलमध्ये सही केली. जुलैत वर्ग सुरू झाले, जून 2023 मध्ये संपले. बाँड दोन वर्षांचा, म्हणून त्याच्या हिशेबाने तो जून 2025 मध्ये सुटत होता. त्याने जूनच्या मध्यात राजीनामा दिला, साठ दिवसांचा नोटीस पिरियड भरला आणि ऑगस्टच्या मध्यात तो बाहेर पडला. करारात लिहिलं होतं, 'अभ्यासक्रम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून चोवीस महिने'. त्याने वाचलं होतं तेवढंच. 'पूर्ण झाल्याची तारीख' म्हणजे काय, ते दुसऱ्या पानावर व्याख्यांत होतं: संस्थेने पदवी प्रदान केल्याची तारीख. पदवीदान समारंभ झाला 10 मार्च 2024 ला. म्हणजे बाँड मार्च 2026 पर्यंत होता आणि याचे सतराच महिने भरले होते.

इथवरही ठीक होतं. सात महिने उरलेत, तेवढ्यांचे पैसे भरू, असं त्याला वाटलं. त्याने एक्सेलमध्ये हिशेबही मांडला. फी 8 लाख, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,44,000, कॅम्पसवरच्या मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च 60,000, अभ्यासासाठी मिळालेल्या भरपगारी रजेचे 40,000. एकूण 10,44,000. याला चोवीसने भागलं की महिन्याचे 43,500, गुणिले सात म्हणजे 3,04,500. पण करारातलं सूत्र महिन्याचं नव्हतंच. 'सेवेचं प्रत्येक पूर्ण वर्ष भरल्यावर रक्कम 50 टक्क्यांनी कमी होईल', असं वाक्य होतं. पूर्ण वर्ष भरलं होतं एकच. दुसऱ्या वर्षातले पाच महिने हिशेबात शून्य. त्याला भरावे लागले 5,22,000. त्यातले काही एफ अँड एफमधून, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबातून, कापले गेले, बाकीच्यांची सोय होईपर्यंत रिलीव्हिंग लेटर अडलं.

मुलगा हुशार होता, पण त्याने 'दोन वर्षं' हा आकडा वाचला आणि तो कुठून मोजायचा, हे वाचलंच नाही.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. कोऱ्या कागदावर आडवी रेघ मारतो आणि तिच्यावर सही, वर्ग सुरू, वर्ग बंद, पदवी, बाँड संपला या पाच तारखा मांडतो. मग तीन कल्पित राजीनामे देतो: एक कोर्सच्या मध्यात, एक पदवीनंतर सहा महिन्यांनी आणि एक बाँड संपायच्या महिनाभर आधी. प्रत्येक वेळी किती रुपये द्यावे लागतील, ते करारातल्या सूत्राने काढतो आणि शेजारी कलमाचा क्रमांक व मूळ इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उतरवतो. आपल्या शब्दांत सारांश लिहिला की 'पूर्ण' आणि 'प्रत्येक'सारखे शब्द गळतात, आणि पैसे नेमके त्यांच्यातच असतात. एखादा आकडा काढताच आला नाही, तर करारात काहीतरी अर्धवट आहे असं समजा. एचआरला विचारा आणि उत्तर लेखी मागा. नोटीस पिरियड बाँडमध्ये धरला जातो का, बिनपगारी रजा किंवा प्रसूती रजेत बाँड थांबतो का, हेही तेव्हाच कळतं.

फीचा आकडा म्हणजे परतफेडीचा आकडा नव्हे. वरच्या उदाहरणात 8 लाखांचे 10,44,000 झाले ते 'खर्च' या शब्दाच्या व्याख्येमुळे. रजेचा पगार त्यातून काढून टाका, असं मी सगळ्यांना मागायला लावतो. कंपनीने जीएसटीचं क्रेडिट घेऊन तो आपल्या करातून वळता केला असेल तर तो तिचा खर्चच नाही, हेही विचारायला लावतो. निम्म्या वेळा ऐकतात.

'कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास' हे शब्द दिसले की पेन्सिल तिथेच थांबवा. यात नोकरकपातही येते. कंपनीने स्वतः काढलं तर वसुली नाही, एवढं वाक्य घालून घ्या. नापास झाल्यास किंवा कोर्स सोडल्यास काय, तेही पाहा.

आणि तो लाडका सल्ला, 'कर रे सही, बाँड कोर्टात टिकत नाही.' हे सांगणाऱ्याच्या खिशातून काही जात नसतं. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि कोर्ट तिच्या आत वाजवी भरपाई देतं, हे खरं. पण 14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं सेवा, नाहीतर 2 लाख ही अट वैध ठरवली. नोकरीत असतानाच्या काळाला लागू होणारी अशी अट म्हणजे कलम 27 मधली धंद्याला बंदी नव्हे, असं म्हटलं. तुमच्या बाबतीत तर कंपनीकडे फीच्या खऱ्या पावत्या असतात. शिवाय कोर्टाच्या पायरीआधी एफ अँड एफ अडकतं, ते वेगळंच.

शेवटचं, अॅनेक्शर. फीचा आकडा आणि तारखा तिथेच असतात, आणि सहीसाठी येणाऱ्या प्रतीत ते पान हमखास कोरं असतं. 'नंतर भरू' म्हणतात. मी ते पान भरून येईपर्यंत करार परत पाठवायला सांगतो.