तीस टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि चाळीसची रेघ

माझ्या पहिल्या दिव्यांग प्रमाणपत्रावर ३० टक्के लिहून आले, तेव्हा मला वाटलं, चला, काम झालं. २०१७ मध्ये दुचाकीच्या अपघातात डावा गुडघा आणि उजवं मनगट दोन्ही मोडलं होतं. २०१९ च्या सुरुवातीला सिव्हिलमध्ये तपासणी झाली, पांढऱ्या पट्ट्याचं कार्ड घरी आलं आणि त्याच आठवड्यात मी लिपिक पदाचा अर्ज भरायला बसले. टक्केवारीच्या रकान्यात ३० टाकलं की फॉर्म पुढे जाईना. तिथे किमान ४० लागत होते. कार्ड हातात असूनही आरक्षण नाही, हे मला त्या दिवशी कळलं. हा घोळ नव्याने अर्ज करणाऱ्या कुणाचा होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत. एक नुसती ‘दिव्यांग व्यक्ती’ आणि दुसरी ‘लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’. दुसऱ्या व्याख्येत बसायला साधारणपणे किमान ४० टक्के लागतात. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमधल्या ५ टक्के जागा या दुसऱ्या गटासाठी आहेत. प्रमाणपत्र दोघांनाही मिळतं. ते फक्त सांगतं की तपासणी झाली आणि अमुक इतकं निघालं. पात्रता ज्या-त्या योजनेची रेघ ठरवते. कार्डाचा रंगही त्याच हिशोबाने असतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि पुढे निळा.

आता माझे ३० कसे आले ते सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

मी तपासणीला गेले ती गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची फाईल घेऊन. मनगटाचे कागद घरीच राहिले. खरं सांगायचं तर ते न्यावेत असं वाटलंच नाही, कारण लोक मला लंगडणारी म्हणून ओळखत होते. swavlambancard.gov.in वर अर्ज भरतानाही मी फक्त पायाचाच उल्लेख केला होता. डॉक्टरांनी गोनिओमीटर लावून गुडघा किती अंशांत वाकतो ते मोजलं आणि स्नायूंची ताकद पाहिली. मग म्हणाले, “ताई, मांडी घालून बसून दाखवा.” पायाच्या मूल्यांकनात सांध्याची हालचाल आणि ताकद हा एक भाग असतो, स्थैर्य हा दुसरा. स्थैर्यासाठी सपाट जमिनीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, बाधित पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं आणि वळणं अशा नऊ गोष्टी बघतात. प्रत्येकीला १० गुण, म्हणजे एकूण ९०.

मी जिना चढून दाखवला. कठडा धरला आणि ओठ दाबून धरले. घरी मी पायरीला उजवा पाय आधी टाकते आणि डावा ओढून घेते. तिथे मात्र चारचौघांत एकेक पाय टाकत वर गेले, कारण मला बिचारी दिसायचं नव्हतं. डॉक्टरांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. रोज जसं चालता, बसता, तसंच तिथे करून दाखवा. वाढवून तर मुळीच दाखवू नका. खोटेपणाने लाभ घेतल्याचं सिद्ध झालं तर याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण लपवूही नका.

पायाचे ३० झाले. मनगट कुणी पाहिलंच नाही, कारण मी ते पुढे केलंच नव्हतं.

फॉर्म अडल्यावर मी आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी माझा हात हातात घेतला, मनगट वाकवायला लावलं आणि विचारलं, “हे का नाही मोजलं?” मग वहीच्या मागच्या पानावर त्यांनी हिशोब मांडला. शरीराच्या दोन भागांत दोष असेल तर टक्क्यांची नुसती बेरीज होत नाही. त्यासाठी मार्गदर्शक सूचनांमध्ये सूत्र दिलेलं आहे:

```
मोठा आकडा + लहान आकडा × (९० − मोठा आकडा) ÷ ९०
```

पायाचे ३० आणि मनगटाचे समजा १५ निघाले, तर ९० मधून ३० वजा करून ६०. पंधरा गुणिले साठ भागिले नव्वद, म्हणजे १०. तीस अधिक दहा, चाळीस. साध्या बेरजेने ४५ आले असते, सूत्राने बरोबर ४० येतात. मनगटाचे १४ निघाले असते तर उत्तर ३९.३३ आलं असतं. दुसरा आकडा नेहमी असा आक्रसतो, कारण पहिल्या दोषानंतर जी क्षमता उरते तिच्यातूनच तो कापला जातो. “मला पायाचे ३० आणि हाताचे १५, मग ४५ का नाही दिले?” म्हणून भांडायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. निघण्याआधी हे गणित एकदा कागदावर करा.

मी नव्याने अर्ज केला. यावेळी मनगटाचे क्ष-किरण, डिस्चार्ज कार्ड आणि फिजिओथेरपीच्या नोंदी सगळं सोबत नेलं. २०१९ च्या नोव्हेंबरात मनगटाचे १५ मिळाले आणि एकूण ४० झाले. तुमचा अवयव तपासला गेला आहे, पण निष्कर्ष पटत नाही, अशी अवस्था असेल तर मार्ग वेगळा आहे. निर्णयाविरुद्ध अपील करता येतं आणि त्याची मुदत ९० दिवस आहे. प्रमाणपत्र कपाटात ठेवून भरतीची जाहिरात येईपर्यंत थांबलात तर ही मुदत निघून जाते. म्हणून कागद हातात आला की त्याच दिवशी तीन गोष्टी वाचा: कोणता अवयव लिहिला आहे, किती टक्के आहेत आणि प्रमाणपत्र कायमस्वरूपी आहे की तात्पुरतं. तात्पुरत्यावर वैधतेची तारीख असते. कागदपत्र पडताळणीच्या दिवशी ती उलटून गेली असेल तर अडचण येते.

डोळे आणि कान यांच्या बाबतीत लोकांचा फार गैरसमज असतो, तेही इथेच सांगते. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसऱ्याची नजर चांगली असेल, तर ३० टक्के धरतात. नजर मोजतात तीही योग्य चष्मा लावून. कानाचं गणित आणखी कठोर आहे. चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचाने गुणायचं, वाईट कानाचे टक्के त्यात मिळवायचे आणि सहाने भागायचं. एक कान पूर्ण बधिर आणि दुसरा ठणठणीत असेल तर १०० भागिले ६, म्हणजे सुमारे १७. वर्गात उजव्या बाजूने कुणी हाक मारली तर ऐकूच येत नाही, अशा एका मुलीला हा आकडा ऐकून रडू आलं होतं. तिचा त्रास खरा आहे. पण ही पद्धत दोन अवयव मिळून काम किती भागतं ते मोजते, म्हणून चांगल्या बाजूला वजन जास्त.

चाळीस झाले म्हणजे सगळी दारं उघडली असंही नाही. माझं उदाहरण पुन्हा घ्या. पहिल्या प्रमाणपत्रानुसार माझा दोष फक्त एका पायाचा, म्हणजे भरतीच्या भाषेत OL. मनगट धरल्यावर मी OAL झाले, एक हात आणि एक पाय. प्रत्येक पदापुढे कोणत्या प्रकारचे उमेदवार चालतील ते दिलेलं असतं आणि काही पदांपुढे OL असतं पण OAL नसतं. मनगटामुळे टक्के वाढले आणि त्याच मनगटामुळे काही पदं हातची गेली. म्हणून जाहिरात आली की टक्क्यांच्या आधी मी पदापुढचा हा रकाना बघते.

आणखी एक. ७० टक्केवाल्याला ४० टक्केवाल्याच्या आधी नोकरी मिळते असं गावात सर्रास बोललं जातं. सर्वसाधारण भरतीत तसं नसतं. रेघ ओलांडली की पुढे गुण. शिवाय हे समांतर आरक्षण आहे, त्यामुळे तुमचा जातीचा प्रवर्ग तसाच राहतो आणि त्याचे कागदही वेगळे तयार ठेवावे लागतात.

आता ऐंशीची रेघ. आमच्या शेजारच्या आबांचा एक पाय मधुमेहात गेला, त्यांचे टक्के चाळीसच्या बरेच वर आणि ऐंशीच्या खाली. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन हवी म्हणून ते दोनदा फेरतपासणीला गेले. त्या केंद्राच्या योजनेला ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब, दोन्ही लागतं. राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेला मात्र दिव्यांगांसाठी ४० टक्के पुरतात, सोबत उत्पन्नाची अट. आबांचं काम तहसील कार्यालयात होणार होतं आणि ते सिव्हिलच्या रांगेत उभे होते. प्राप्तिकरातही हीच दोन टोकं आहेत. जुन्या करप्रणालीत कलम ८०यू खाली ४० टक्क्यांना ७५ हजार आणि ८० टक्क्यांना सव्वा लाखाची वजावट मिळते. रेल्वेची सवलत तर वेगळीच. अस्थिव्यंग प्रवाशासाठी तिथे सोबतीशिवाय प्रवास करता येतो की नाही हे पाहतात, आणि तसा डॉक्टरांचा दाखला रेल्वेच्या नमुन्यात लागतो.

चाळीसच्या खाली राहिलेल्यांसाठी एक वाट नक्की आहे, आणि ती फार कमी जणांना माहीत असते. हाताला लिहिताना पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की परीक्षेत लेखनिक देण्यासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. आरक्षणाला रेघ आहे, पण वाजवी सोय मिळणं हा प्रत्येक दिव्यांग व्यक्तीचा हक्क आहे. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० च्या खालच्या, लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ देण्याच्या सूचना काढल्या. त्यासाठी लिहिण्यात अडचण असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं.

हे मला २०२२ नंतर कळलं. माझ्या क्लासमधला एक मुलगा, बोटांचे २० टक्के, तीन तासांच्या पेपरात शेवटचे दोन प्रश्न दरवेळी सोडून यायचा. त्याला मी तो नमुना छापून दिला. पुढच्या परीक्षेला तो लेखनिक घेऊन गेला आणि वेळ संपायच्या आत शेवटचा प्रश्न सांगून झाला होता.