नवा सिरिंज पंप वॉर्डात येतोय? सिस्टरांची कार्यशाळा अशी आखा

कंपनीचा माणूस येतो, अर्धा तास बटणं दाखवतो, हजेरीपटावर सह्या होतात. पंप लावायची वेळ येते ती मात्र रात्रपाळीत, आणि गाडी अडते अलार्मवर. म्हणून कार्यशाळेचा निम्म्याहून जास्त वेळ अलार्मला द्या.

आधी गट ठरवा. एका पंपाभोवती चार जणी पुरे, त्याहून जास्त झाल्या की मागच्या नुसत्या बघत राहतात. तीन पंप असतील तर बारा जणींची बॅच घ्या आणि तेच सत्र दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवा, म्हणजे वॉर्ड ओस पडत नाही. क्रेडिट हवे असतील तर नर्सिंग कौन्सिलची परवानगी आधीच काढून ठेवा.

सरावासाठी सलाईन भरलेल्या ५० मिलीच्या सिरिंजा आणि रोजच्या वापरातल्या लाइनी घ्या. प्रत्येकीला ऑर्डरची चिठ्ठी द्या: हेपरिन २५,००० युनिट, एकूण ५० मिलीत, तासाला १,००० युनिट. एका मिलीत ५०० युनिट, म्हणजे दर तासाला २ मिली. हा हिशेब कागदावर करायला लावा आणि मगच पंपाला हात लावू द्या. स्क्रीनवर निवडलेला सिरिंजचा ब्रँड हातातल्या सिरिंजशी जुळतो का, हे दुसरीने तपासावं. ब्रँड बदलला की आतला व्यास बदलतो, मग स्क्रीनवरचा दर बरोबर दिसूनही औषध कमी-जास्त जातं.

आता थ्री-वे बंद करून पंप चालू करा आणि अलार्म वाजेपर्यंत घड्याळ लावा. आधी तासाला २० मिलीवर, मग २ मिलीवर. कमी दराला अलार्म कितीतरी उशिरा वाजतो. तोवर रुग्णाला औषध मिळत नसतं, हे तिथेच डोळ्यांनी दिसतं. यानंतरची चूक हमखास होते: थ्री-वे थेट उघडणं. लाइनीत साचलेला दाब एकदम सुटतो आणि रुग्णाला नकळत बोलस जातो. पंप थांबवायचा, रुग्णाकडची बाजू बंदच ठेवून दाब बाहेर सोडायचा, मग कारण दूर करून पुन्हा सुरू करायचं. हे प्रत्येकीने स्वतः करावं. दाब सोडायची पद्धत पंपागणिक वेगळी असते, ती मॅन्युअलमधून काढून भिंतीवर लावा.

मूल्यमापनाला लेखी प्रश्न थोडेच ठेवा. एकेकीला आत बोलवा आणि चिठ्ठी बदला: २०,००० युनिट ५० मिलीत, तासाला तेच १,००० युनिट. उत्तर २.५ मिली. टिंब राहिलं तर २५ होतात, म्हणजे तासाला १०,००० युनिट. त्यातच मध्येच लाइन दाबून अलार्म आणा. दराचा हिशेब, सिरिंजची निवड आणि दाब सोडणं या तीनपैकी एकही चुकलं तर बाकीचे गुण कितीही असोत, पुन्हा सराव. एरवी नव्वद टक्के मिळवणारीच थ्री-वे उघडून मोकळी होते.

महिन्याभराने बायोमेडिकल विभागाकडून पंपांची अलार्म-नोंद मागवा. एकाच पाळीत ऑक्लुजनचे अलार्म वारंवार दिसले, तर त्या पाळीत जाऊन आधी कॅन्युला आणि लाइन बघा.