मोबाइलचा स्पीड टेस्ट दर वेळी वेगळा का येतो?

कॉलेज रोडवरच्या घरात पहाटे ८० एमबीपीएस दाखवणारा फोन त्याच खिडकीपाशी रात्री नऊला १२ दाखवतो, तेव्हा बिघाड बहुधा फोनमध्ये नसतो. टॉवरची क्षमता त्या क्षणी जोडलेल्या सगळ्या ग्राहकांत वाटली जात असते. शिवाय अ‍ॅप आपोआप कधी नाशिकचा, तर कधी मुंबईचा सर्व्हर निवडते आणि मग तुलनाच फसते. म्हणून वाय-फाय, व्हीपीएन आणि चालू डाउनलोड बंद करून, एकच जागा व एकच सर्व्हर ठरवून सकाळी, दुपारी आणि रात्री तीन-तीन चाचण्या घ्याव्यात. प्रत्येक वेळचा मधला आकडा, फोनवर ४जी होते की ५जी या नोंदीसह, लिहून ठेवावा. सर्वांत मोठा आकडा धरण्याचा मोह मात्र टाळावा. वेगवान ५जीवर एकाच चाचणीत शेकडो एमबी डेटा खर्च होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.