थाई अनुवादाचा अहवाल ट्रॅक चेंजेस, कॉमेंट आणि मूळ लेआउटसह कसा पाठवावा

इंग्रजी अहवालाचा थाई अनुवाद झाला की ग्राहकाचा निरोप येतो: रिव्ह्यूअरने काय बदललं ते दिसू दे, त्याच्या कॉमेंट राहू देत, आणि पानं मूळ अहवालासारखीच हवीत. वाक्य एकच, पण मागण्या तीन, आणि त्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. खोडलेला मजकूर दिसत राहिला की पानं सरकतात. पानं जागेवर आणायला गेलं की त्या दुरुस्तीच्याही खुणा उमटतात. त्यात थाई लिपीचे स्वतःचे हट्ट आहेतच.

मी अशा कामांची जुळवाजुळव करतो. मला थाई वाचता येत नाही, काही अक्षरं ओळखता येतात इतकंच. अनुवादक आणि रिव्ह्यूअर थायलंडमधले, शेवटची फाईल पाठवण्याची जबाबदारी माझी. त्यामुळे पुढची पद्धत थाई न वाचणाऱ्यालाही पाळता येईल अशी आहे. सगळं काम वर्डमध्ये चालतं असं धरलं आहे.

आधी पायाची फाईल ठरवा

सर्वात जास्त घोळ इथे होतो. अनुवादक मूळ फाईलची प्रत उघडतो, ट्रॅक चेंजेस आधीच चालू असतं, आणि तो इंग्रजीवर थाई लिहीत जातो. शेवटी अख्खा अहवाल म्हणजे एक प्रचंड खोडाखोड. रिव्ह्यूअरचे खरे वीस-पंचवीस बदल त्यात सापडत नाहीत.

म्हणून अनुवाद ट्रॅकिंग बंद ठेवूनच करून घ्यायचा. तो पूर्ण झाला, फाँट आणि लेआउट बसला, की ती फाईल `Report_TH_v1.docx` म्हणून बाजूला ठेवायची आणि पुन्हा हात लावायचा नाही. तिची प्रत काढून तिच्यात `Review` > `Track Changes` चालू करायचं आणि `Lock Tracking` ने पासवर्डही लावायचा. रिव्ह्यूअर चुकून ट्रॅकिंग बंद करून दोन ओळी दुरुस्त करतो, हे वाटतं त्यापेक्षा वारंवार घडतं. बिचाऱ्याचा हेतू चांगला असतो, फाईल स्वच्छ दिसावी एवढाच.

मूळ इंग्रजी फाईलमध्येच ग्राहकाच्या कॉमेंट असतील तर आणखी एक काळजी. कॉमेंट ज्या शब्दांना अडकवलेली आहे ते सगळे शब्द एका दमात पुसले की कॉमेंटही जाते. त्या शब्दांच्या मधोमध कर्सर ठेवून थाई लिहायचं आणि मग आजूबाजूचं इंग्रजी काढायचं. मूळ फाईलमध्ये कॉमेंट किती, हे सुरुवातीलाच मोजून लिहून ठेवा.

फाँटची दुसरी चौकट

वर्ड थाईला देवनागरीसारखीच 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतो. तिचा फाँट आणि आकार वेगळ्या चौकटीत असतो. `File` > `Options` > `Language` मध्ये थाई जोडली की स्टाईलच्या फाँट खिडकीत `Complex scripts` हा भाग दिसतो. आपल्याकडच्या संगणकांवर तिथे मंगल असू शकतो. मंगलमध्ये थाई अक्षरं नाहीत, मग वर्ड गुपचूप दुसरा कुठला तरी फाँट वापरतो आणि दोन संगणकांवर एकच पान वेगळं दिसतं. वरच्या लॅटिन चौकटीत आकार कितीही बदला, थाईवर काडीचाही परिणाम होत नाही. नवखे लोक इथे तासभर घालवतात.

आकडा कोणता घालायचा? थायलंडच्या सरकारी कागदपत्रांत सारबून घराण्याचा फाँट १६ पॉइंटात वापरतात. २०१० मध्ये तिथल्या सरकारने जे १३ फाँट राष्ट्रीय म्हणून स्वीकारले, त्यांतला हा एक. `TH Sarabun New` १६ पॉइंटला साधारण आपल्या ११ पॉइंट कॅलिब्रीएवढा दिसतो, म्हणून १६ पाहून दचकू नका. मात्र गूगल फाँट्सवर नुसत्या `Sarabun` नावाने मिळतो तो मोठा काढलेला आहे. तो १६ ला ठेवला तर अहवाल लहान मुलांच्या पुस्तकासारखा दिसेल. हे बदल एकेका परिच्छेदात करत बसू नका, स्टाईलमध्ये करा.

यानंतर ओळींमधलं अंतर. थाईत व्यंजनाच्या डोक्यावर स्वर आणि त्याच्याही वर उच्चाराचा चढउतार दाखवणारं चिन्ह अशा दोन मजल्यांची बांधणी असते, शिवाय काही स्वर खाली लटकतात. मूळ अहवालात अंतर `Exactly` ठेवलं असेल तर वरचा मजला कापला जातो. आपल्याला वाचता येत नसलं तरी ที่ आणि ผู้ हे दोन शब्द शोधा. ते जवळजवळ प्रत्येक पानावर असतात. त्यांच्या डोक्यावरची बारीक रेघ किंवा वळण कापलेलं दिसलं तर अंतर `At least` करा. तक्त्यांच्या ठरीव उंचीच्या ओळींनाही हाच नियम.

पायाची फाईल बंद करण्याआधी दोन अदृश्य गोष्टी झाडून काढा. मराठीत आपण 'कि' लिहिताना आधी क आणि मग वेलांटी टाईप करतो, पडद्यावर ती आधी दिसली तरी. थाईत मात्र जसं दिसतं तसंच टाईप करतात. त्यामुळे แ हा स्वर लिहायच्या जागी कुणी เ दोनदा दाबलं तर डोळ्याला फरक कळत नाही, पण शब्द चुकीचा होतो, शोधल्यावर सापडत नाही आणि स्पेलचेकही अडखळतो. दुसरी गोष्ट म्हणजे वेबवरून चिकटवलेल्या मजकुरातली शून्य रुंदीची जागा. वर्डच्या शोध-चौकटीत हे घाला:

```
เเ       → แ
^u8203   → (रिकामं)
```

हे आत्ताच, ट्रॅकिंग सुरू होण्याआधी करायचं. नंतर केलंत तर ग्राहकाला शंभर ठिकाणी 'बदल' दिसेल आणि दोन्ही बाजूंना अक्षर तेच.

रिव्ह्यूअरला आधी काय सांगायचं

पहिलं, `File` > `Options` > `General` मध्ये ठरलेलं नाव घाला. खात्याने लॉगिन केलं असेल तर तिथलीच `Always use these values` ही खूण लावावी लागते, नाहीतर खात्याचं नाव उमटतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं: चिन्ह नव्हे, पूर्ण शब्द बदला. थाईत कर्सर अक्षरानंतर ठेवून `Backspace` दाबलं की फक्त वरचं चिन्ह जातं, अक्षराआधी ठेवून `Delete` दाबलं की व्यंजनासकट सगळा गठ्ठा जातो. रिव्ह्यूअरने फक्त वरचं चिन्ह बदललं तर खोडलेलं आणि नवं चिन्ह एकाच व्यंजनावर दाटी करतात किंवा तुटून ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसतात. ग्राहकाला काय बदललं ते कळत नाही. शब्द निवडून पूर्ण लिहिला की जुना शब्द खोडलेला आणि नवा शब्द अधोरेखित, असं स्वच्छ दिसतं.

तिसरं, `Track Changes Options` मध्ये फॉरमॅटिंगचं ट्रॅकिंग बंद ठेवा. समासात फाँटच्या नोंदींची रांग कुणालाच नको असते.

एक बदल, तीन परिणाम

समजा, थायलंडच्या एका सरकारी विभागाविषयीचा अहवाल आहे. तक्त्याच्या मथळ्यात `FY2024` असं आहे. अनुवादकाने ปี 2567 असं लिहिलं, म्हणजे 'वर्ष २५६७'. थायलंडमध्ये बौद्ध सन चालतो, इसवी सनात ५४३ मिळवायचे, म्हणून आकडा बरोबर. पण 'आर्थिक' हा शब्द गळाला. थाई सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. २५६७ चं आर्थिक वर्ष म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ ते ३० सप्टेंबर २०२४, आणि कॅलेंडर वर्षाशी ते तीन महिन्यांनी हुकतं.

रिव्ह्यूअरने ते ปีงบประมาณ พ.ศ. 2567 असं केलं, म्हणजे 'आर्थिक वर्ष, बौद्ध सन २५६७'. ग्राहकाला थाई येत नसेल तर कॉमेंट अशी हवी: मूळ शब्द कोणता, आधीच्या अनुवादाचा अर्थ काय निघत होता, आता काय निघतो. नुसतं 'चूक सुधारली' लिहिलं तर ग्राहक विचारणा करणारच. हाच तक्ता भारतीय कंपनीचा असता तर वर्ष एप्रिलला सुरू झालं असतं आणि नुसतं २५६७ लिहिणं थाई वाचकाची दिशाभूल करणारं ठरलं असतं. तिथे तारखा तळटीपेत देण्याविषयी ग्राहकालाच कॉमेंटमधून विचारायचं.

आता लेआउट. नवा मथळा लांब आहे, तो दोन ओळींत जातो आणि ठरीव उंचीमुळे दुसरी ओळ गायब होते. ओळीची उंची सैल करा, आणि พ.ศ. व आकडा वेगळ्या ओळींवर जाऊ नयेत म्हणून त्यांच्यामध्ये `Ctrl+Shift+Space` ने न तुटणारी जागा घाला. ही जागा ट्रॅकिंग चालू असतानाच घाला, तो मजकुराचा बदल आहे.

पाठवण्याआधीची तपासणी

स्वच्छ फाईल स्वतंत्रपणे दुरुस्त करायची नाही. ट्रॅक फाईलची प्रत घ्या, पासवर्ड घालून `Lock Tracking` काढा, सगळे बदल स्वीकारा, कॉमेंट काढा, झाली स्वच्छ फाईल. लेआउट तिच्यातच पाहायचा. ट्रॅक फाईलमध्ये खोडलेले शब्दही जागा खातात, तिथली पानं मूळ अहवालाशी जुळणार नाहीत आणि हे ग्राहकाला आधीच सांगून ठेवावं. अनुक्रमणिका अद्ययावत करताना ट्रॅकिंग बंद हवं, नाहीतर ती अख्खी खोडून पुन्हा लिहिल्यासारखी दिसते.

मग उलटी परीक्षा. ट्रॅक फाईलच्या दुसऱ्या प्रतीत तसंच लॉक काढून सगळे बदल नाकारा आणि `Compare` ने ती v1 शी ताडून पाहा. फॉरमॅटिंग, कॉमेंट आणि फील्ड यांच्या खुणा तुलनेतून काढून टाका. आता एकही फरक दिसता कामा नये. दिसला, तर तो ट्रॅकिंगला चुकवून झालेला बदल. जागा टिपून रिव्ह्यूअरला पाठवा. थाई न येता ही चूक पकडता येते, म्हणून ही पायरी मी कधीच गाळत नाही. सुरुवातीला मोजलेल्या कॉमेंटही इथेच जुळवून पाहा.

ग्राहकाकडे तीन फाइली जातात: ट्रॅक केलेली, स्वच्छ, आणि स्वच्छ फाईलवरून काढलेली पीडीएफ. पीडीएफ ही लेआउटची साक्ष, कारण तिच्यात फाँट सोबत जातात. वर्ड फाइलींत ते `File` > `Options` > `Save` मधून सोबत द्यावे लागतात. वैयक्तिक माहिती पुसणारं `Inspect Document` मात्र ट्रॅक फाईलवर चालवू नका. त्यातून ही माहिती पुसली की प्रत्येक बदलावर आणि कॉमेंटवर रिव्ह्यूअरच्या नावाऐवजी नुसतं `Author` उरतं, आणि दोन रिव्ह्यूअर असतील तर कोणी काय म्हटलं ते त्या फाईलमधून परत काढता येत नाही.