डब्याचे रेट वाढवताय? जुन्या कस्टमरला मेसेज असा लिहा

पोळीभाजीचे डबे देणाऱ्यांचा नेहमीचा मेसेज असा असतो: "वाढत्या महागाईमुळे व अधिक चांगली सेवा देण्यासाठी दरात नाममात्र वाढ करण्यात येत आहे, सहकार्य करावे." यात किती वाढले ते नाही, कधीपासून ते नाही, आणि डबा तर तोच राहणारे, मग चांगली सेवा कुठून आली? रोज तुमच्या हातचं खाणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं.

आधी कागदावर हिशोब करा. समजा ४० डबे आहेत, महिन्याचे २४०० घेताय आणि २६०० करायचेत, म्हणजे ८००० जास्त येणार. ते जाणार कुठे? पोळ्या करणाऱ्या दोन मावशींचा पगार प्रत्येकी २००० ने वाढवलाय, ते झाले ४०००, डिलिव्हरीवाल्याला १५०० जास्त आणि उरलेले २५०० तेल-किराण्यात. म्हणजे खरं कारण पगार आहे, तेच पहिलं लिहा. गॅसवर उगाच ढकलू नका, कमर्शियल सिलेंडरचा भाव दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो, कधी उतरतोही, आणि मग लोक विचारणारच की आता कमी करा. पूर्ण हिशोब मेसेजमध्ये टाकायची गरज नाही, मोठी दोन कारणं पुरेत.

मग मेसेज असा होतो:

"नमस्कार, १ जूनपासून डब्याचे महिन्याला २४०० ऐवजी २६०० रुपये होतील (२६ डबे, रविवारी सुट्टी). पोळ्या करणाऱ्या मावशींचा आणि डिलिव्हरीचा पगार वाढवलाय, थोडा किराणाही महागलाय. डब्यात काही बदल नाही, ४ पोळ्या, भाजी, वरण-भात तसंच. ज्यांनी पुढचे पैसे आधीच भरलेत त्यांना ते संपेपर्यंत जुनाच रेट. बंद करायचं असेल तर ३१ मेपर्यंत कळवा, उरलेले पैसे परत देऊ."

जुना आणि नवा आकडा शेजारी शेजारी पाहिजे, नुसतं "२०० वाढले" लिहिलं की अर्धे लोक विचारतात म्हणजे एकूण किती. आणि पोळ्या ५ च्या ४ करणार असाल तर तेही याच मेसेजमध्ये सांगा, कारण पोळी कमी करणं ही पण भाववाढच आहे आणि डबा उघडल्यावर ती कळली तर माणूस जास्त दुखावतो. "नाममात्र" काढाच, २०० रुपये कमी की जास्त हे देणारा ठरवेल.

पाठवायच्या आधी घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, जूनमध्ये किती द्यायचे आणि अॅडव्हान्सवाल्याचं काय? अडखळले तर ते वाक्य परत लिहा. निदान महिनाभर आधी पाठवा, आणि फक्त ग्रुपवर नको, बऱ्याच जणांनी ग्रुप म्यूट केलेला असतो, एकेकाला वेगळा पाठवा.